४६ खंडांचे ग्रंथालय: पेशीचक्राचे टप्पे आणि तपासणी नाके

एका ग्रंथालयाची कल्पना करा. त्यात ४६ जाडजूड खंड आहेत आणि प्रत्येकाचा मजकूर निराळा आहे. या एका ग्रंथालयाची आता दोन ग्रंथालये करायची आहेत आणि दोन्हीकडे पूर्ण संच असायला हवा. म्हणजे आधी प्रत्येक खंडाची हुबेहूब प्रत करायची, आणि मग जमलेल्या ९२ खंडांची दोन खोल्यांत वाटणी करायची. हे ऐकायला सोपे वाटते, पण अडचण अशी की तिथे काम करणाऱ्या एकालाही खंडाच्या पाठीवरचे नाव वाचता येत नाही. नुसते मोजून ४६ इकडे आणि ४६ तिकडे केले, तर एका खोलीत सातव्या खंडाच्या दोन प्रती जातील आणि दुसरीत एकही नसेल. मोजदाद बरोबर आणि वाटणी मात्र चूक.

माणसाच्या शरीरातील पेशीपुढे विभाजनाच्या वेळी नेमका हाच प्रश्न असतो. खंड म्हणजे गुणसूत्रे, मजकूर म्हणजे डीएनए. पेशीत अशी कोणतीही यंत्रणा नाही, जी वाटणी करताना ‘हे सातवे गुणसूत्र आहे’ असे ओळखून ते योग्य बाजूला ठेवील. तरीही वाटणी बहुतेक वेळा अचूक होते, कारण पेशी एक साधी युक्ती वापरते. प्रत तयार होत असतानाच ती आपल्या जोडीदाराला बांधून टाकली जाते. ही जोडी दोन्ही बाजूंच्या दोरांनी विरुद्ध दिशांना ताणली जाईपर्यंत बांधलेली गाठ सोडायची नाही, आणि सोडायची तेव्हा सगळ्या जोड्यांची एकदम सोडायची. ही युक्ती लक्षात ठेवली, तर पेशीचक्राचे टप्पे त्याच क्रमाने का येतात आणि तपासणी नाके तिथेच का आहेत, हे पाठांतराशिवाय समजते.

वर्गातील स्लाइडवर पेशीचक्र बहुधा चार रंगांच्या वर्तुळाने दाखवतात: जी-१, एस, जी-२ आणि एम. यातील ‘एस’ म्हणजे प्रती करण्याचा, अर्थात डीएनए संश्लेषणाचा काळ आणि ‘एम’ म्हणजे सूत्री विभाजनाचा काळ. ‘जी’ हे अक्षर ‘गॅप’ या शब्दावरून आले आहे. १९५३ मध्ये हॉवर्ड आणि पेल्क या संशोधकांनी एका घेवडावर्गीय वनस्पतीच्या मुळांच्या टोकांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि डीएनए कधी तयार होते ते तपासले. तोपर्यंत दोन विभाजनांमधल्या अंतरावस्थेला विश्रांतीचा काळ समजले जाई. त्यांना दिसले की डीएनएची निर्मिती या काळातील एका ठरावीक भागातच होते आणि त्याच्या आधी व नंतर मोकळा अवधी असतो. त्या दोन मोकळ्या अवधींना मिळालेली नावे आजही टिकून आहेत, जरी ते अवधी मुळीच मोकळे नसतात हे आता आपल्याला माहीत आहे.

प्रयोगशाळेत वेगाने वाढणाऱ्या मानवी पेशीचे एक चक्र साधारण २४ तासांचे असते: जी-१ ला सुमारे ११ तास, एस ला ८, जी-२ ला ४ आणि एम ला अवघा १ तास. पुस्तकात सर्वांत जास्त चित्रे ज्या टप्प्याची असतात, तो टप्पा वेळेच्या हिशेबाने सर्वांत छोटा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींचा नमुना पाहिला की बहुतेक पेशी ‘काहीच करत नसलेल्या’ दिसतात, त्याचे कारण हेच.

हे चक्र पुढे सरकवणारा एक मुकादम असतो, असे समजू. त्याचे शास्त्रीय नाव सायक्लिनावलंबी कायनेज. तो पेशीत जवळपास नेहमीच हजर असतो, पण हातात शिक्का नसेल तर त्याचा हुकूम चालत नाही. हा शिक्का म्हणजे सायक्लिन नावाचे प्रथिन. प्रत्येक टप्प्याचा शिक्का वेगळा असतो. तो हळूहळू साठत जातो आणि काम झाले की नष्ट केला जातो. टिम हंट यांनी १९८२ मध्ये समुद्री साळिंदर या प्राण्याच्या अंड्यांत असे एक प्रथिन पाहिले, जे प्रत्येक विभाजनाआधी वाढत होते आणि विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होत होते. चक्र उलटे फिरत नाही, याचे एक मोठे कारण या अचानक नाहीसे होण्यात आहे, कारण नष्ट झालेला शिक्का परत वापरता येत नाही आणि नवा घडवायला वेळ लागतो.

आता पहिला टप्पा. जी-१ मध्ये ग्रंथालयात ४६ खंड आहेत आणि प्रश्न एवढाच आहे की दुसरे ग्रंथालय हवे आहे का. हा निर्णय पेशी एकटी घेत नाही. आसपासच्या पेशींकडून वाढीचे संदेश यावे लागतात, पोषण पुरेसे असावे लागते. १९७४ मध्ये आर्थर पार्डी यांनी दाखवले की जी-१ मध्ये एक निर्णायक क्षण असतो. त्याआधी वाढीचे संदेश काढून घेतले तर पेशी थांबते, पण तो क्षण ओलांडल्यावर काढून घेतले तरी ती चक्र पूर्ण करते. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर, मागणीपत्र एकदा मंजूर झाले की नंतर ते मागे घेता येत नाही. अर्धवट नकललेला संच हा न नकललेल्या संचापेक्षा कितीतरी धोकादायक असल्यामुळे ही व्यवस्था रास्तच म्हणायला हवी.

या मंजुरीचे कुलूप म्हणजे आरबी नावाचे प्रथिन. प्रती करण्यासाठी लागणाऱ्या सामग्रीची जनुके ज्या घटकांमुळे चालू होतात, त्या घटकांना ते धरून ठेवते. वाढीचे संदेश आले की मुकादमाला जी-१ चा शिक्का मिळतो, तो आरबीवर फॉस्फेटचे गट चढवतो आणि आरबीची पकड सुटते. लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगात या कुलपाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या आढळल्या, आणि प्रथिनाला नावही त्यावरूनच मिळाले.

याच टप्प्यावर दुसरीही एक तपासणी चालते. मूळ खंडाचे पान फाटलेले असेल, तर त्याची प्रत करण्यात अर्थ नाही. डीएनए तुटले की पी-५३ हे प्रथिन साठू लागते आणि त्याच्या सांगण्यावरून पी-२१ नावाचे दुसरे प्रथिन तयार होते, जे मुकादमाचे हातच धरते. दुरुस्ती झाली तर काम पुढे चालू होते. ती आवाक्याबाहेरची असेल तर पेशी कायमची विभाजन सोडते किंवा स्वतःला संपवते. माणसाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ चे जनुक बिघडलेले असते.

एस टप्प्यात प्रती होतात. मानवी पेशीतील सगळे डीएनए सरळ केले तर सुमारे २ मीटर भरते. एका टोकापासून नकलायला सुरुवात केली तर ८ तासांत ते कधीच संपणार नाही, म्हणून हजारो ठिकाणांहून एकाच वेळी काम सुरू होते. इथे एक नवी अडचण उभी राहते. हजारो नकलनवीस एकाच वेळी काम करत असतील, तर ‘हे पान झाले आहे’ हे कोणी कसे ओळखायचे? एखादा भाग दोनदा नकलला गेला तरी संच बिघडतोच.

पेशीचा उपाय असा आहे. जी-१ मध्ये, मुकादमाकडे पुढचा शिक्का येण्याआधी, प्रत्येक प्रारंभस्थानावर परवान्याची एक चिठ्ठी लावली जाते. नकलनवीस तिथून निघाला की चिठ्ठी त्या जागेवरून हटते. एस चा शिक्का आल्यावर जुन्या चिठ्ठ्यांवर काम सुरू करायची परवानगी मिळते, पण नवी चिठ्ठी लावायला मात्र सक्त मनाई होते. एकच शिक्का दोन्ही हुकूम देतो, ही या व्यवस्थेतील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. १९७० मध्ये राव आणि जॉन्सन यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतील मानवी पेशी एकमेकींत मिसळून याचा पुरावा दिला. एस मधील पेशी जी-१ मधील पेशीशी जोडली, तेव्हा जी-१ च्या केंद्रकाने वेळेआधीच प्रती करायला सुरुवात केली. तीच पेशी जी-२ मधील पेशीशी जोडली, तेव्हा जी-२ चे केंद्रक ढिम्म राहिले. दोन्ही केंद्रके एकाच पेशीद्रवात होती, हुकूम दोघांनाही ऐकू येत होता, पण जी-२ च्या केंद्रकावरच्या चिठ्ठ्या संपलेल्या होत्या.

प्रत तयार होत असतानाच ती जोडीदाराशी कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधली जाते. हे नंतर करून चालत नाही, कारण प्रती एकदा विखुरल्या की कोणती कोणाची, हे ओळखणारा कोणी नाही. इथे एक खुलासा करायला हवा. मी सोयीसाठी ‘मूळ’ आणि ‘प्रत’ असे शब्द वापरत आहे, पण प्रत्यक्षात डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक जुना धागा एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे राहून प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो. म्हणजे दोन्ही खंड अर्धे जुने आणि अर्धे नवे असतात. त्यांना अर्धगुणसूत्रे म्हणतात. स्लाइडवर गुणसूत्र इंग्रजी एक्स अक्षरासारखे दाखवतात, तो आकार म्हणजे खरे तर एकत्र बांधलेल्या दोन खंडांची जोडी असते.

जी-२ हा प्रती झाल्यानंतरचा आणि वाटणीआधीचा अवधी. इथला नाका पाहतो की नक्कल पूर्ण झाली आहे ना आणि कुठे पान फाटलेले नाही ना. या नाक्याचे खरे स्वरूप १९८८ मध्ये वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी यीस्टवर केलेल्या प्रयोगातून उलगडले. यीस्टवर क्ष-किरण सोडले की त्याच्या पेशी विभाजनाआधी थांबतात, डीएनए दुरुस्त करतात आणि मग पुढे जातात. पण रॅड-९ हे जनुक बिघडलेले यीस्ट थांबत नव्हते. ते तुटके डीएनए घेऊन तसेच विभागत होते आणि मरत होते. दुरुस्ती करणारी यंत्रणाच त्याच्याकडे नाही, असे कोणालाही वाटले असते. संशोधकांनी किरण दिल्यानंतर एका औषधाने या पेशींचे विभाजन काही तास कृत्रिमरीत्या रोखून धरले, आणि त्यानंतर सोडून दिलेल्या पेशींपैकी अनेक जगल्या. दुरुस्तीची कारागिरी त्यांच्याकडे आधीपासूनच होती. उणीव होती ती ‘जरा थांबा’ म्हणणाऱ्याची. तपासणी नाका स्वतः दुरुस्ती करत नाही, तो दुरुस्तीसाठी वेळ मिळवून देतो.

यावरून स्लाइडमधील एका ठसठशीत चिन्हाबद्दल सावध करावेसे वाटते. वर्तुळावर तीन जागी लाल पाट्या काढलेल्या असतात, त्यामुळे असा समज होतो की प्रत्येक ठिकाणी एक पहारेकरी सगळी यादी तपासून ‘जा’ म्हणतो. डीएनए आणि दोर यांच्या तपासण्या बहुतांशी उलट रीतीने चालतात. काम आपल्या गतीने पुढे सरकतच असते आणि बिघाड जिथे असतो तिथूनच ‘थांबा’ अशी हाक येते. हाक आली नाही तर कोणी अडवत नाही. वाटणीच्या टप्प्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते.

एम टप्प्यात मुकादमाला वाटणीचा शिक्का मिळतो. पूर्वावस्थेत पसरलेले खंड आवळून घट्ट बांधले जातात, म्हणजे हलवताना गुंता होऊ नये. केंद्रकाचे आवरण विरघळते आणि पेशीच्या दोन ध्रुवांपासून तुर्कतंतू निघतात. हे आपले दोर, समोरासमोरच्या दोन भिंतींतून आलेले. प्रत्येक खंडाच्या गुणसूत्रबिंदूवर एक कडी असते, तिला कायनेटोकोर म्हणतात. जोडीला अशा दोन कड्या असतात आणि त्या बहुधा एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतात. दोरांना नेम धरता येत नाही. ते वाढतात, आखडतात, पुन्हा वाढतात आणि कडी सापडेपर्यंत चाचपडत राहतात.

अशा चाचपडण्यात चुका होणारच. समजा एका जोडीच्या दोन्ही कड्यांना एकाच भिंतीचे दोर लागले. तसेच ओढले तर दोन्ही प्रती एकाच खोलीत जातील. हे ओळखायचे कसे? इथे बांधलेली गाठ उपयोगी पडते. दोन भिंती जोडीला विरुद्ध दिशांनी ओढत असतील आणि मधली गाठ पक्की असेल, तर दोर ताठ होतात. एकाच बाजूने ओढ असेल, तर जोडी सरकत जाते आणि ताण येत नाही. ताण नसलेली जोडणी ऑरोरा-बी हे विकर सोडवून टाकते आणि कडी पुन्हा मोकळी होते. पाठीवरचे नाव न वाचता, केवळ दोर ताठ आहे की सैल एवढ्यावरून, बरोबर आणि चूक यांतला फरक कळतो.

मोकळी कडी गप्प बसत नाही. तिच्यावर मॅड-२ आणि त्याच्या साथीदार प्रथिनांपासून ‘थांबा’ असा संदेश तयार होत राहतो आणि पेशीभर पसरतो. गाठी कापणारी कात्री म्हणजे सेपरेज हे विकर. ते सिक्युरिन नावाच्या म्यानात बंद असते. हे म्यान काढण्याचे काम एपीसी नावाच्या मोठ्या प्रथिनसमूहाकडे असते, आणि ‘थांबा’ हा संदेश या समूहालाच रोखून धरतो. शेवटची कडी दोराला लागली की नवा संदेश बनणे थांबते, जुना विरतो, एपीसी मोकळा होतो, म्यान नष्ट होते आणि कात्री सगळ्या गाठी जवळपास एकाच वेळी कापते. मध्यावस्था संपून पश्चावस्था सुरू होते ती या क्षणी. त्याच झटक्यात एपीसी मुकादमाचा वाटणीचा शिक्काही नष्ट करतो, म्हणून खंड दोन भिंतींकडे गेल्यावर नवी केंद्रक-आवरणे बनू लागतात, अंत्यावस्था येते आणि पेशीद्रव्यही मधोमध विभागले जाते.

एकटी मोकळी कडी सगळ्या ग्रंथालयाला थांबवू शकते, हे अतिशयोक्तीचे वाटेल. कॉनली रीडर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते प्रत्यक्ष तपासले. त्यांनी उंदीर-कांगारू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या प्राण्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी घेतल्या, कारण त्यांत गुणसूत्रे थोडी आणि मोठी असतात. बाकी सगळ्या जोड्या रांगेत येऊन उभ्या आहेत आणि एका जोडीची एक कडी अजून मोकळी आहे, अशा पेशी निवडल्या. अशी पेशी नुसती वाट पाहत राहते. संशोधकांनी ती एक मोकळी कडी लेझरने जाळून नष्ट केली. जोडी अजूनही एकाच बाजूला बांधलेली होती, म्हणजे दोष दूर झालेला नव्हता, पण हाक देणारी जागा उरली नव्हती. थोड्याच वेळात पेशीने गाठी कापल्या आणि ती पश्चावस्थेत गेली. दोष तसाच असताना केवळ तक्रार बंद झाली म्हणून वाटणी सुरू झाली. या नाक्यावर ‘सगळे ठीक आहे’ असा संदेश कोणी देत नाही, हे याहून स्वच्छ दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

हाच गुण प्रयोगशाळेत रोज वापरला जातो. रुग्णाच्या गुणसूत्रांची पाहणी करायची असते तेव्हा वाढणाऱ्या पेशींत कोल्चिसिनसारखे द्रव्य घालतात. ते तुर्कतंतू बनूच देत नाही, सगळ्या कड्या मोकळ्या राहून हाका देतात आणि पेशी मध्यावस्थेच्या उंबरठ्यावर अडकून पडतात. त्या वेळी खंड सर्वांत घट्ट बांधलेले असल्यामुळे ते मोजता आणि पाहता येतात. पण हे थांबणे अमर्याद नसते. हाक चालू असतानाही मुकादमाचा शिक्का अगदी हळूहळू झिजत राहतो आणि बऱ्याच तासांनी काही पेशी वाटणी न करताच या टप्प्यातून निसटतात. अशा पेशीत मग ४६ ऐवजी ९२ खंड राहतात.

आणखी एक मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. मानवी गुणसूत्राच्या एका कडीला एक नव्हे तर वीसेक दोर लागू शकतात. कधी कधी एकाच कडीला दोन्ही भिंतींचे दोर लागतात. कडी मोकळी नाही, त्यामुळे हाक नाही. दोरही ताठ आहेत, त्यामुळे जोडणी सैल करणाऱ्या विकरालाही ती सहजासहजी सापडत नाही. नाक्याच्या दोन्ही कसोट्यांवर ही जोडणी खरी उतरते आणि गाठी कापल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी पश्चावस्थेत पाहिली, तर दोन गट आपापल्या ध्रुवाकडे सरकलेले असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत एकच अर्धगुणसूत्र दोन्हीकडून ओढले जात रेंगाळलेले दिसते. कित्येकदा ते शेवटी योग्य बाजूला जाते, पण मुख्य केंद्रकापर्यंत वेळेत पोहोचले नाही तर त्याच्याभोवती वेगळे आवरण तयार होते. मग पुढच्या जी-१ मध्ये त्या पेशीत मोठ्या केंद्रकाशेजारी एक इवलेसे केंद्रक दिसते, ज्यात एकच खंड कोंडलेला असतो.